मळका कोट आणि अखेरचा सीझन

आईच्या मनात एक किडा शिरला होता आणि तो काही केल्या निघत नव्हता. थोरलीचं पुढे काय? थोरली चौतीस वर्षांची, हातीपायी धड, कामात तरबेज, चार माणसांत मान असलेली. पण तिचं सगळं आयुष्य एका मालिकेच्या खुंटीला टांगलेलं. ती खुंटी कधी भिंतीतून निखळेल याचा नेम नाही, आणि निखळली की पोरगी धपकन खाली येणार, असं चित्र आईला भाजी चिरताना दिसायचं, दात घासताना दिसायचं, बँकेच्या रांगेतही दिसायचं.

थोरलीला घराबाहेर सगळे टाचणी म्हणत. कॉलरच्या आतल्या बाजूला पाच-सहा टाचण्या खोचल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे, म्हणून. आईला हे नाव सुरुवातीला अजिबात आवडलं नव्हतं. "इतकं सुंदर नाव ठेवलंय आम्ही, आणि लोक काय म्हणतात, तर टाचणी!" पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता आईच्या तोंडूनही तेच निघायचं.

टाचणी कपडेपट सांभाळायची. म्हणजे मालिकेत जो जे घालतो ते कुठून आलं, कोणत्या प्रसंगात घातलं, बटण कितवं उघडं होतं, बाही कोपरापर्यंत होती की मनगटापर्यंत, हे सगळं तिच्या हवाली. कॉलेजच्या नाटकांत विंगेत इस्त्री करण्यापासून तिची सुरुवात झाली. इतर मुली तोंडाला रंग लावायला धडपडायच्या, ही गरम इस्त्री घेऊन सुरकुत्यांच्या मागे. पुढे एकदा प्रयोगात नायकाच्या सदऱ्याची शिवण उसवली, तेव्हा हिने दोन वाक्यांच्या मध्ये, पडद्याआडून हात घालून, ती टाचून दिली होती. त्या दिवसापासून कॉलरला टाचण्या आल्या त्या कायमच्या. पदवी घेतली, बँकेची परीक्षाही दिली, पण निकाल लागायच्या आधीच ही कुठल्याशा सेटवर बटणं शिवायला जाऊन बसली होती.

ती माणसांकडे बघायची ती आधी बाहीकडे बघायची. पाहुणे आले की बाबा हळूच म्हणायचे, "जपून बसा हं, आमची मुलगी तुमच्या शर्टाचा पंचनामा करतेय." लग्नाचा विषय घरात काढायची सोय नव्हती. "तो सध्या 'प्रदर्शन पुढे ढकलले' या सदरात आहे," असं बाबाच सांगून मोकळे व्हायचे.

आईने तीस वर्षं एका वाचनालयात काढली होती. पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवण्यात, आणि त्या चिठ्ठीवर जे लिहिलंय तिथेच पुस्तक सापडलं पाहिजे, या श्रद्धेत. चिठ्ठी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो पुस्तक चुकीच्या फळीवर ठेवणारा. त्यामुळे मालिकांच्या जाहिरातींवरच्या चिठ्ठ्याही ती अशीच, अक्षरश: वाचायची. आणि तिथेच ती दोनदा तोंडावर पडली होती.

पहिल्यांदा मालिकेच्या नावाखाली लिहिलं होतं, 'मर्यादित मालिका, सहा भाग'. एक सर्वेक्षण करणारी बाई, हातात नकाशे घेऊन हरवलेल्या भावाचा शोध घेते, अशी गोष्ट. सगळे तिला नकाशावाली म्हणत. आईने सहा भाग मोजले, सहावा झाल्यावर नातेवाइकांना सांगून टाकलं, "संपलं बाई एकदाचं, आता ही दुसरं काही बघेल." आठ महिन्यांनी नकाशावाली परत आली. लोकांना इतकी आवडली की कंपनीने नव्याने करार केले आणि दुसरा सीझन काढला. 'मर्यादित' म्हणजे गोष्ट तेवढ्यात बसवलेली असते आणि नट-नट्यांना पुढचं बांधून ठेवलेलं नसतं, एवढंच. म्हणून पुन्हा सगळ्यांना गोळा करायला वेळ लागतो. हे टाचणीने नंतर सांगितलं. आई म्हणाली, "आधी सांगायचंस ना!" टाचणी म्हणाली, "मला तरी कुठे माहीत होतं? मी फक्त कपडे धुवायला टाकले नव्हते."

दुसऱ्यांदा दुसऱ्या सीझनच्या मध्यावर पडद्यावर झळकलं, 'लवकरच परत येत आहे'. आई हरखली. दूध देणाऱ्यालाही सांगून झालं की थोरलीचं काम पुन्हा सुरू होतंय. आणि थोरली तर सात महिने घरात बसून जुन्या चादरींना काठ लावत होती. ते राहिलेले भाग आधीच चित्रित होऊन पडले होते, दाखवायचे तेवढे बाकी होते. प्रेक्षकांसाठी मालिका लवकरच येणार होती, कपडेपटवालीसाठी ती केव्हाच संपली होती.

"म्हणजे बघणाऱ्याचं 'येतंय' आणि करणाऱ्याचं 'येतंय' वेगळं," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली. तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग झाला तेव्हा 'अंतिम भाग' अशी पाटी बघून याच बाबांनी दोन दिवस तोंड पाडलं होतं. तो भाग त्या सीझनचा अंतिम होता, मालिकेचा नव्हता. शेवटच्या दृश्यात नकाशावाली मुसळधार पावसात कालव्याकाठच्या चिखलात कोसळते, उठते, आणि समोरचं बंद दार उघडं दिसतं. तिथेच सीझन तुटला होता. अशा ठिकाणी तोडतात ते पुढे जोडायचं मनात ठेवूनच, पण तेवढं डोकं तेव्हा कोणाचं चाललं नाही.

आणि आता सोमवारी तिसरी चिठ्ठी आली होती. मोबाइलवर, पिवळ्या अक्षरांत: 'नकाशावाली परत येतेय. चौथा आणि अखेरचा सीझन.'

'अखेरचा' या शब्दापाशीच आई अडली. यापुढे तिने काही वाचलंच नाही. खाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं, पण चष्मा ओट्यावर राहिला होता.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ, टाचणीचा मामा. तो शाळांचे गणवेश शिवून देणाऱ्या मोठ्या दुकानाचा कारभार बघायचा. शिलाई विभागाची जबाबदारी घ्यायला माणूस हवा होता. दहा ते सहा, रविवारी सुट्टी, भविष्य निर्वाह निधी, दरवर्षी पगारवाढ. "हुशार आहे पोरगी आपली," दादा म्हणाला. "तिच्यासाठी जागा ठेवतो, पण शुक्रवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळव. दुसरी एक बाई तयार आहे, तिला मला शुक्रवारी संध्याकाळी उत्तर द्यायचंय."

टाचणी मंगळवारी रात्रपाळीच्या कुठल्या जाहिरातीच्या कामाला गेली होती. आईने तिची वाट बघितली नाही. फोन उचलला आणि दादाला सांगून टाकलं, "हो म्हण. ती येईल. मालिका संपतेय तिची, तसं जाहीर झालंय."

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं. मग दोन तासांनी जड वाटायला लागलं. बुधवारी ती टाचणीला सांगणार होती, पण टाचणीच घाईत होती. "आई, उद्या माझी मदतनीस येणार नाहीये, बाळ आजारी आहे तिचं. तू येशील का गोदामात? नुसत्या चिठ्ठ्या लिहायच्यात. तुझ्यासारखं अक्षर कुणाचं आहे का?"

चिठ्ठ्या म्हटल्यावर आई नाही कशी म्हणणार?

गोदाम म्हणजे एका जुन्या छापखान्याच्या मागची लांबलचक खोली. आत शिरताच आईला वाचनालयाची आठवण झाली, फक्त पुस्तकांऐवजी कपडे. लोखंडी दांड्यांवर शेकडो पारदर्शक पिशव्या, प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: सीझन, भाग, प्रसंग, पात्र, आणि घातलेल्या अवस्थेचा फोटो. खिशात रुमाल असेल तर रुमालाचाही फोटो. आई भारावून गेली. हे तिला कुणी आजवर दाखवलं नव्हतं. दाखवायला सांगितलंही नव्हतं म्हणा. मग टाचणी सांगेल तशा चिठ्ठ्या आणि याद्या ती तास-दोन तास लिहीत बसली.

"ही काय बाटली गं? वोडका?" आईने टेबलावरची फवाऱ्याची बाटली उचलून वास घेतला आणि चेहरा वेडावाकडा केला.

"वोडका आणि पाणी. घामाचा वास जातो, कपडा धुवावा लागत नाही."

"म्हणजे तुम्ही कपड्यांना दारू पाजता?"

"कपड्यांनाच पाजतो ना, मग बरंय की!"

आई हसली, पण हसता हसता तिची नजर कोपऱ्यातल्या दांडीवर गेली. तिथे एकाच मापाचे, एकाच रंगाचे पाच लांब कोट ओळीने लटकत होते. पहिला स्वच्छ. दुसरा खांद्यावर भिजल्यासारखा गडद. तिसऱ्याच्या काठाला चिखल. चौथा कोपरापर्यंत चिखलाने माखलेला, एका बाहीवर ओरखडा. पाचवा तर बघवत नव्हता.

"हे काय? गबाळ्यासारखे ठेवलेत! धुतले का नाहीत?" आईच्या हाताला शिवशिव सुटली.

"हात लावू नकोस!" टाचणी ओरडली. आई दचकून मागे सरकली. टाचणीने आवाज खाली आणला. "चिखल नाहीये तो. मुलतानी माती, रंग, मेण, थोडं ग्लिसरीन. चार दिवस गेलेत मला तो चिखल बसवायला, सँडपेपरने घासून घासून. शेवटच्या दृश्यात ती कोसळते ना कालव्यावर? पहिला कोट ती घरातून निघताना घालते. पाचवा दार उघडताना. आणि पुढचा सीझन त्याच मिनिटाला सुरू होणार आहे, दारातून आत पाय टाकताना. म्हणजे हाच चिखल, याच जागी. कोट धुतला की सगळं गेलं."

"पण पुढचा सीझन तर शेवटचा आहे," आई म्हणाली. "मग एवढा जपून काय उपयोग? संपायचंच आहे."

टाचणी काही बोलणार, तेवढ्यात दाराशी बूट वाजले. निर्मिती व्यवस्थापक आला होता. जुना दुसऱ्या मालिकेवर गेल्यापासून हा नवा आला होता. चाळिशीचा, नीटनेटका, हातात पाकीट आणि कानात फोनचं बटण.

"टाचणीताई, लाँड्रीची गाडी अर्ध्या तासात येतेय. सगळं चढवा. भाड्याने आणलेलं परत करायचं, बाकीचं धुऊन विकायला काढायचं. ही खोली पंधरा तारखेला दुसऱ्या मालिकेला द्यायची आहे."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? अखेरचा सीझन जाहीर झालाय. जुनं आता कोण वापरणार? चौथ्यासाठी नवे कपडे शिवू."

आईने मान डोलावली. अगदी हेच तिने परवा दादाला सांगितलं होतं. हा माणूस तिच्यासारखाच विचार करत होता. आणि तरी, तिला का कोण जाणे, त्याचा राग आला.

टाचणीने हातातली टेप गळ्यात टाकली. आवाज चढवला नाही. "साहेब, एक विचारू? जाहिरातीत 'अखेरचा' शब्दाखाली काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"काय लिहिलंय?"

"आठ भाग. मागच्या तिन्ही सीझनला सहा सहा होते. कंपनीने भागांचा आकडा जाहीर केलाय म्हणजे काम ठरलंय, नुसती वाफ नाही. दुसऱ्या सीझनच्या वेळी 'लवकरच परत' असं लिहिलं होतं, आकडा नव्हता, तारीखही नव्हती. तेव्हा चित्रीकरण आधीच उरकलं होतं, म्हणून भाड्याचे कपडे मी स्वतः परत केले होते. त्या वेळी तो शब्द फुकाचा होता. आत्ताचा तसा नाही."

"ते ठीक आहे हो. पण शेवटचाच आहे ना? नवा दिसायला हवा."

"शेवटचा असला की जुनं जास्त लागतं." टाचणी कोटांकडे वळली. "गोष्ट संपवायची तर भाऊ सापडायला हवा. भाऊ सापडला की मागचं सगळं आठवणार. लहानपणचे कपडे, पहिल्या भागातली पिशवी, आईची शाल. तीन सीझनमधली जी जी पात्रं वाटेत सोडली ती सगळी शेवटी तोंड दाखवायला येणार. आणि पहिलं दृश्य याच कोटात. सेटवाल्यांनी कालव्याकाठचं दार मोडलेलं नाही, झाकून ठेवलंय, मी बघून आले. नकाशावालीचं काम करणाऱ्या बाईंना केस कापायला मनाई आहे पुढच्या मार्चपर्यंत. मेकअपवाल्याने सांगितलं. केस नाहीत कापायचे, दार नाही मोडायचं, आणि कोट तेवढा धुवायचा?"

व्यवस्थापकाने हातातलं पाकीट टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "हे सगळं सेटवर चाललेल्या गप्पा. मला कागदावर काही नाही."

"मग विचारा की लेखकांच्या खोलीत. एकच प्रश्न विचारा: पहिल्या भागाचं पहिलं दृश्य कधीचं आहे?"

"आणि ते म्हणाले, दुसऱ्या दिवशीचं, तर?"

"तर मी स्वतः सगळे कोट लाँड्रीच्या गाडीत टाकते. माझी चूक म्हणून लिहून देते. तुम्हाला नवी कपडेपटवाली बघायची तीही बघा."

नोकरी पणाला लावतेय ही, मळक्या कोटावरून! आईने टाचणीची बाही ओढली. टाचणीने हात सोडवून घेतला नाही, पण वळूनही पाहिलं नाही.

व्यवस्थापकाने फोन लावला. "हां, एक छोटीशी माहिती हवी होती. चौथ्याचं पहिलं दृश्य... हो, तेच... पुढच्याच क्षणी? म्हणजे चिखलासकट?... नाही नाही, काही अडचण नाही. धन्यवाद." त्याने फोन खिशात टाकला आणि कोटांकडे असं पाहिलं, जणू ते त्याला चावणार होते.

"पुढच्याच क्षणी," तो म्हणाला.

"हो," टाचणी म्हणाली.

"लहानपणचे प्रसंगही आहेत म्हणे."

"असणारच."

त्याने डोक्यावरून हात फिरवला. "माझा आधीचा कार्यक्रम प्रश्नमंजुषेचा होता, ताई. तिथे शेवटचा म्हणजे शेवटचा. सोफे विकले आणि घरी गेलो."

टाचणी पहिल्यांदा हसली. "प्रश्नमंजुषेत कोणी चिखलात पडत नाही ना!"

"मग काय करायचं सांगा. गाडी तर येतेय."

टाचणीने टेबलाच्या खणातून दोन पानांची यादी काढली. सकाळीच तयार करून ठेवलेली. डाव्या बाजूला 'धुवायचं', उजव्या बाजूला 'हात लावायचा नाही'. गर्दीतल्या माणसांचे कपडे, पोलिसांचे गणवेश, बाजारातल्या प्रसंगाचं भाड्याचं सामान, हे डावीकडे. बाकी उजवीकडे. "डावीकडचं आज न्या. निम्मी खोली रिकामी होईल. तुमच्या दुसऱ्या मालिकेला निम्मी द्या. उरलेली मला ठेवा."

त्याने यादी वाचली, पुन्हा वाचली. "अक्षर सुंदर आहे तुमचं."

"आईचं आहे. सकाळपासून तिनेच लिहिलंय सगळं."

आईला कळलं नाही की कुठे बघावं. तिने लिहिलं खरं, पण काय लिहितोय ते समजलं नव्हतं. 'हात लावायचा नाही' असं चिठ्ठ्यांवर अठ्ठावीस वेळा लिहून झालं, तरी तिच्या मनात सकाळपासून एकच होतं, हे सगळं संपतंय.

व्यवस्थापक जायला निघाला आणि दाराशी थबकला. "तुमचं नेमणुकीचं पत्र मात्र तारखा ठरल्यावरच हं, ताई. चार-पाच महिने तरी लागतील. तोवर मला काही देता येणार नाही."

"माहितेय मला," टाचणी म्हणाली. "किल्ली तेवढी माझ्याकडे राहू द्या."

"राहू द्या," तो म्हणाला, आणि गेला.

लाँड्रीची गाडी आली, अर्धी भरली, गेली. दुपारी दोघी मायलेकी छापखान्याच्या पायऱ्यांवर डबा घेऊन बसल्या. आईला खाणं जात नव्हतं.

"पाच महिने," ती म्हणाली. "म्हणजे पुन्हा चादरींना काठ?"

"नाही गं. जाहिरातीवाले आहेत, दोन नाटकांचे कपडे आहेत. पाच महिने असेच जातील. मग आठ महिने काम. वर्षभराची निश्चिंती. या धंद्यात एवढं कोणाला मिळतं?"

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मालिका नाही. पण आई, ही सांगून जातेय. 'अखेरचा' असं आधी लिहिलंय. माझी पहिली मालिका आठवते? 'परत भेटू' असं म्हणून गेली आणि भेटलीच नाही. कोणी घोषणा केली नाही, कोणी रद्दही केली नाही. सहा महिने मी फोनकडे बघत बसले होते. जी सांगून संपते ती बरी. चौथ्या भागाच्या सुमाराला मी पुढचं काम बघायला लागेन, हातात वेळ असेल. न सांगता संपते ती माणसाला खड्ड्यात घालते."

आईने डबा बाजूला ठेवला. तीस वर्षं तिने चिठ्ठ्या डकवल्या होत्या आणि तिला वाटत होतं की चिठ्ठी वाचली म्हणजे पुस्तक कळलं. ही पोरगी चिठ्ठी वाचून पुढे कोण केस कापतंय, कुठलं दार मोडलं, कुठलं झाकून ठेवलं, हे बघायला जात होती. आणि त्या माणसासमोर तिचा आवाज एकदाही कापला नव्हता. आईचा कापला असता.

"मामाने त्या जागेचं मलाही विचारलं होतं. उद्या फोन करून त्याला 'नाही' म्हणून सांगायचंय," टाचणी म्हणाली. "चांगली जागा आहे, पण माझी नाही. मी त्याला परवाच सांगणार होते, राहून गेलं. गणवेश एकसारखे असतात गं. सगळे स्वच्छ. मला काय काम तिथे?"

आई डब्याचं झाकण लावायला लागली. मग म्हणाली, "मी त्याला हो म्हटलंय."

"कुणाला?"

"दादाला. मंगळवारी. तू कामाला गेली होतीस."

टाचणीने घास खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग आला तो आईला आधी कॉलरपाशी दिसला, टाचण्या हलल्या तिथे. "मला न विचारता?"

"जाहीर झालं होतं ना. अखेरचा असं..."

"म्हणजे तूच माझा शेवटचा सीझन जाहीर करून टाकलास!"

"मला वाटलं..."

"भागांचा आकडा तरी बघायचास!" टाचणी उठून उभी राहिली, दोन पायऱ्या उतरली, पुन्हा वर आली. "चौतीस वर्षांची आहे मी. तो बाहेरचा माणूस मला न विचारता गाडी घेऊन आला म्हणून मी त्याला सुनावलं. तू तर घरातून गाडी पाठवलीस!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिने ते पुसलं, कारण टाचणीचं म्हणणं खरं होतं आणि खऱ्यापुढे रडून काही मिळत नाही, हे तिला ठाऊक होतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मला तुझ्या पुढच्या दिवसांची भीती वाटते. एवढंच."

टाचणीने कॉलर सरळ केली. मग खाली बसली. "भीती वाटू दे. पण सही माझी असते, आई. माझ्या नावापुढे तू सही नाही करायची."

"नाही करणार."

"आणि मामा आता माझ्यावर वर्षभर फुगून बसेल. तो म्हणेल, हो म्हणाली आणि फिरली. मीच फिरले असं वाटेल त्याला."

"तू कुठे फिरलीस? मी फिरले."

"ते त्याला कोण सांगणार?"

आत फोन वाजला, टाचणीचा. ती उठून आत गेली. आई पायऱ्यांवर एकटीच राहिली.

तिच्या मनात आलं, संध्याकाळी टाचणीच फोन करेल, नेहमीसारखी नीट बोलेल, मामाची समजूत काढेल. तिला ते जमतं. मग तिला पुढचं सुचलं. दादाने ती दुसरी बाई थांबवून ठेवली होती. तिला तो उद्या संध्याकाळी 'नाही' म्हणून सांगणार होता. ती बाईही कुणाची तरी मुलगी असेल, आणि तिच्या आईलाही भाजी चिरताना अशीच एखादी खुंटी दिसत असेल. संध्याकाळपर्यंत थांबायचं कारणच काय? चूक आपली, तर ती निस्तरायचं कामही आपलंच. टाचणीने कशाला ऐकून घ्यायचं दादाचं?

आतून टाचणीचा आवाज येत होता, कोणाला तरी सांगत होती, "नाही, गणवेशाची नाही, नाटकातल्या कोटाची बाही उसवा, मी येऊन बघते."

दादा काय म्हणेल, हे आईला तोंडपाठ होतं. 'तुला कधी काय पाहिजे ते तुलाच कळत नाही, लहानपणापासून.' मग विचारेल, 'पण पोरीचं पुढे काय?' आणि त्याचं उत्तर तिच्याकडे अजूनही पूर्ण नव्हतं. आठ भाग, पाच महिने, मार्चपर्यंत न कापलेले केस, एवढंच होतं. तिला वाटलं, एवढं पुरेसं आहे. निदान हे सगळं तिने आज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, कुठल्या पिवळ्या अक्षरांत वाचलं नव्हतं.

तिने पिशवीतून चष्मा काढला, पुसला, नाकावर चढवला. आणि मोबाइलमधला 'दादा' शोधून, आतल्या आवाजाकडे पाठ करून, त्याला फोन लावला.